प्रेस नोटमधला ‘घरबसल्या हप्ता’: सात महिन्यांचा अनुभव

आमच्या पतसंस्थेच्या नव्या वेबसाइटची बातमी मार्च २०२५ मध्ये लातूरच्या पेपरात आली. संस्थेची प्रेस नोट जशीच्या तशी छापली होती: ठेवींची माहिती, खातेउतारा आणि ‘घरबसल्या कर्जाचा हप्ता’. औशाची शाखा गावापासून १४ किलोमीटर. म्हणून त्याच संध्याकाळी मोबाइल घेऊन बसलो.

पहिली अडचण पत्त्याचीच. पेपरात तो देवनागरीत छापलेला. संस्थेच्या नावातली ई i ने लिहायची की ee ने, कळेना. दुसऱ्या दिवशी शाखेत फोन करून एकेक अक्षर लिहून घेतलं. पैशाच्या वेबसाइटचा पत्ता अंदाजाने टाकणं धोक्याचं असतं, भलत्याच पानावर जाऊन पडतो माणूस.

उताऱ्याची सोय मात्र फार कामाची निघाली. पीककर्जाच्या कागदांसाठी पूर्वी अर्धा दिवस जायचा.

हप्त्याचं वेगळं झालं. ३१ ऑगस्टला रविवार होता. रात्री पावणेनऊला ६,४०० रुपये यूपीआयने भरले, बँकेतून कटलेही. सोमवारी सकाळी माझे जामीनदार असलेल्या मामांना ‘हप्ता थकीत’ असा मेसेज गेला. मामांनी मला काही विचारलं नाही, थेट आईला फोन केला. फार लाज वाटली.

शाखेत गेल्यावर उलगडा झाला. पतसंस्था ही बँक नव्हे. आमचे पैसे आधी एका बँकेतल्या संस्थेच्या चालू खात्यात जातात. मग कामाच्या दिवशी क्लार्क त्या खात्याचा उतारा बघून आपल्या कर्जखात्याला जमा टाकतो. तोवर वेबसाइटवर हप्ता बाकीच दिसतो. पुरावा म्हणजे यूपीआयचा १२ अंकी व्यवहार क्रमांक. तो दाखवल्यावर क्लार्कने पाच मिनिटांत रक्कम शोधली आणि ३१ तारखेचीच जमा धरली. प्रेस नोटमध्ये ‘जमा पुढच्या कामाच्या दिवशी’ एवढे चार शब्द असते, तर मी शुक्रवारीच भरलं असतं.

त्याच नोटमधला ‘आधुनिक बँकिंग सेवा’ हा शब्द मला जास्त खटकतो. तो वाचून शेजारच्या काकूंना वाटलं, पाच लाखांपर्यंतचा ठेव विमा आपल्यालाही लागू. तो विमा बँकेतल्या ठेवींना असतो, पतसंस्थेतल्या नाही. काकूंची ठेव सव्वादोन लाखांची, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली. त्यांना हे मी ओट्यावर बसून समजावलं, तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

सप्टेंबरच्या वार्षिक सभेत मी दोन्ही गोष्टी मांडल्या. सचिवांनी शांतपणे ऐकून घेतल्या आणि दिवाळीआधी सुधारित नोट पेपरला दिली. पत्ता इंग्रजी अक्षरांत, वेगळ्या ओळीत. ‘बँकिंग’ शब्द काढलेला. हप्ता जमा कधी होतो, तेही लिहिलंय. ठेव विम्याचं वाक्य मात्र अजून त्यात नाही; त्यासाठी लेखी अर्ज दिला आहे.