एपॉक्सी की एल. आर. व्हाइट? द्राक्षाचं पान इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली नेण्याआधी

गोडी छाटणीनंतर पावसाची एक झड येऊन गेली, की दिंडोरी-निफाडकडचे बागायतदार पानं उलटून बघायला लागतात. वरून तेलकट डाग आणि खालून पांढरी लव दिसली, म्हणजे डाऊनी आलाच. अशाच एका पानाचा ध्यास घेतलेली एक विद्यार्थिनी गेल्या हंगामात माझ्याकडे आली. डाऊनीची बुरशी पेशींच्या मधल्या पोकळीतून पसरते आणि पेशीत फुग्यासारखा एक अवयव खुपसून अन्न ओढते. त्याला हॉस्टोरियम म्हणतात. हिला पाहायचं होतं, की पेशी त्या फुग्याभोवती कॅलोज नावाच्या शर्करेचं आवरण उभारते का. तिचा प्रश्न सोपा होता : “ताई, पान एपॉक्सीत बसवू की एल. आर. व्हाइटमध्ये?”

ही दोन्ही रेझिन : पानात झिरपवून घट्ट केली, की त्याचे अतिपातळ काप घेता येतात. मी तिला म्हटलं, हा प्रश्न रेझिनचा वाटतो, पण त्याचा निकाल त्याच्या आधीच्या बाटलीत लागतो. ती बाटली ऑस्मियमची.

पहिला टप्पा दोन्ही वाटांना जवळपास सारखाच आहे. पान पहाटे खुडायचं, कारण दिवसभरात हरितलवकांत स्टार्च साठतो आणि पुढे सेक्शनला, म्हणजे त्या पातळ कापाला, त्या जागी सुरकुत्या पडतात. डागाचा मधला भाग घ्यायचा नाही, तो बहुधा मेलेला असतो. डागाची कड घ्यायची. नव्या ब्लेडने, फिक्सेटिव्हच्या, म्हणजे पेशी आहे तशी टिकवणाऱ्या द्रावणाच्या थेंबातच, मिलिमीटरभर रुंदीच्या पट्ट्या कापायच्या. ग्लुटारल्डिहाइड प्रथिनांना चांगलं बांधतं, पण आत फार हळू शिरतं, म्हणून तुकडा मोठा चालत नाही. पानात आणखी एक अडचण आहे : आत हवा भरलेली असते. पट्ट्या बाटलीत तरंगत असतील तर द्रावण आत गेलेलं नाही असं समजा. हलक्या व्हॅक्युमखाली ठेवून हवा काढली की त्या तळाला बसतात. न बसलेल्या सरळ टाकून द्या, त्यांच्यावर आठवडा घालवू नका.

इथून वाटा फुटतात.

एपॉक्सीच्या वाटेवर फिक्सेटिव्ह म्हणजे 0.1 मोलर बफरमध्ये साधारण 2.5 टक्के ग्लुटारल्डिहाइड आणि 2 टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड. बफरने नीट धुतल्यावर 1 टक्का ऑस्मियम टेट्रॉक्साइडमध्ये एक-दोन तास. पट्ट्या काळ्याकुट्ट होतात. ऑस्मियम मेदातल्या दुहेरी बंधांना धरून बसतं, म्हणून पेशीची सगळी पटलं जागच्या जागी राहतात आणि पुढे गडद रेषांसारखी दिसतात. त्याची वाफ डोळ्यांना आणि श्वासाला घातक आहे, त्यामुळे हे काम फ्यूम हूडमध्येच. पण ऑस्मियम प्रथिनांचंही ऑक्सिडीकरण करतं. ठरावीक पदार्थ शोधायला वापरतात त्या अँटीबॉडीला ओळखण्यासाठी प्रथिनांचा मूळ आकार लागतो, तोच बिघडतो. सेक्शनवर मेटापरआयोडेट फिरवून थोडंफार परत मिळवता येतं, पण त्या भरवशावर प्रयोग आखू नये.

एल. आर. व्हाइटच्या वाटेवर ऑस्मियम बहुतेकदा टाळतात. प्रथिन शोधायचं असेल तर ग्लुटारल्डिहाइडही 0.1 ते 0.5 टक्क्यांवर आणतात आणि भार पॅराफॉर्मल्डिहाइडवर ठेवतात. कॅलोज मात्र प्रथिन नव्हे. ग्लुटारल्डिहाइड मुख्यतः प्रथिनांचे अमिनो गट धरतं, शर्करेच्या साखळीला फारसं हात लावत नाही. म्हणून या मुलीला मी सांगितलं, की फिक्सेटिव्ह पूर्ण ताकदीचंच ठेव, फक्त ऑस्मियम वगळ. पुस्तकात अँटीबॉडीच्या कामाबद्दल “इम्युनो म्हणजे सौम्य फिक्सेशन” असं वाचून अनेक जण शर्करेसाठीही पेशी विस्कटून घेतात, ते इथे नको होतं.

पाणी काढणं दोन्हीकडे अल्कोहोलच्या चढत्या पायऱ्यांनी : 30, 50, 70, 90, मग निव्वळ. त्यानंतर नाशिकची हवा मध्ये येते. एपॉक्सी अल्कोहोलशी नीट मिसळत नाही, म्हणून मध्ये प्रॉपिलीन ऑक्साइड वापरतात. ते 34 अंशांना उकळतं, पेट घेतं आणि कर्करोगकारकही आहे. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये ती बाटली उघडणं म्हणजे सोड्याची बाटली हलवून उघडण्यासारखंच. मी पानांसाठी स्पर नावाचं एपॉक्सी पसंत करते : ते इतरांपेक्षा पातळ असतं, अल्कोहोल-अ‍ॅसिटोनशी मिसळतं आणि पेशीभित्तींतून बरं झिरपतं. तरीही घाई नाही. एक भाग रेझिन-तीन भाग द्रावक, मग निम्मं-निम्मं, मग तीनास एक, मग दोनदा शुद्ध. प्रत्येक पायरीला काही तास किंवा रात्रभर. पावसाळ्यात भांड्यांची झाकणं उघडी राहिली तर रेझिन हवेतला ओलावा ओढतं आणि रेझिनचा ठोकळा, म्हणजे ब्लॉक, धड घट्ट होत नाही. नखाने दाबून खूण उमटली तर कापायला बसू नका.

एल. आर. व्हाइट अल्कोहोलमधून थेट घेता येतं, अगदी 70 टक्क्यांच्या पायरीवरूनही. त्याचं वैर दोघांशी आहे : अ‍ॅसिटोन आणि ऑक्सिजन. दोन्हीमुळे ते जमत नाही. म्हणून जिलेटिनच्या कॅप्सूल काठोकाठ भरून झाकण घट्ट लावायचं आणि 50 ते 60 अंशांवर दिवसभर ठेवायचं. फ्रिजमधून काढलेली बाटली खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही. एवढी पथ्यं सोडली तर दिवस वाचतात.

कापणीत मात्र एपॉक्सी उजवं. आधी अर्धा ते एक मायक्रोमीटर जाडीचे सेक्शन काढून टोल्युडिन ब्लूने रंगवायचे आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली हॉस्टोरियम कुठे आहे ते शोधायचं. ही पायरी टाळणारा माणूस महिनाभर निरोगी पेशींचे फोटो काढत बसतो. जागा सापडली की ब्लॉकचं तोंड तेवढंच ठेवून तासायचं आणि 60 ते 90 नॅनोमीटरचे सेक्शन घ्यायचे. जाडी मोजायला यंत्र लागत नाही; चाकूमागच्या पाण्यावर तरंगणारा सेक्शन चंदेरी चमकला तर ठीक, सोनेरी चमकला तर जाड. द्राक्षाच्या पानात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते हिऱ्याच्या चाकूची धार घालवतात, म्हणून ती जागा काचेच्या चाकूनेच ओलांडा.

एल. आर. व्हाइटला पाणी आवडतं. त्यामुळे चाकूमागचं पाणी ब्लॉकच्या तोंडावर चढतं आणि सेक्शन मागे ओढला जातो. पाण्याची पातळी किंचित खाली ठेवायची. इलेक्ट्रॉनच्या झोताखाली हे सेक्शन लवकर फाटतात, म्हणून सेक्शन ज्या धातूच्या बारीक जाळीवर ठेवतात ती ग्रिड आधाराचं पातळ अस्तर असलेली घ्या, आणि अँटीबॉडीच्या क्षारद्रावणात तांबं गंजतं म्हणून ती निकेलची असू दे. निकेलची ग्रिड लोखंडी चिमट्याला चिकटून बसते हा वैताग वेगळा.

दोष ओळखायची माझी पद्धत सांगते. सेक्शनला भोकं असतील आणि ती पेशींच्या आतच असतील, तर रेझिन झिरपलेलं नाही. ते पुढे दुरुस्त होत नाही. चाकूच्या धारेला समांतर पट्टे असतील तर कंपन किंवा मऊ ब्लॉक. कापण्याच्या दिशेने सरळ ओरखडे असतील तर चाकूची धार गेली आहे, जागा बदला.

रंगवणं म्हणजे खरं तर धातू चढवणं. पाण्यातलं 2 टक्के युरेनिल अ‍ॅसिटेट दहा-वीस मिनिटं, नंतर लेड सायट्रेट काही मिनिटं. हे शिशाचं द्रावण रेनॉल्ड्स यांनी 1963 मध्ये मांडलं आणि अजून तेच चालतं. त्याला हवेतला कार्बन डायऑक्साइड, अगदी तुमचा श्वासही, चालत नाही. शिशाचा कार्बोनेट बनून सेक्शनवर मिरपूड सांडल्यासारखे ठिपके पडतात. म्हणून झाकलेल्या बशीत सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या ठेवून काम करतात. अँटीबॉडी कुठे बसली ते दिसावं म्हणून तिला चिकटणाऱ्या दुसऱ्या अँटीबॉडीवर सुवर्णकण लावलेले असतात. अशा प्रयोगात ही मिरपूड फार महागात पडते, कारण 10 नॅनोमीटरचा सुवर्णकणही काळा ठिपकाच असतो. फरक एवढाच, की सुवर्णकण सगळे एका मापाचे, गोल असतात आणि मिरपूड लहान-मोठी. तरी मी अशा ग्रिडवर शिसं कमी देते किंवा देतच नाही.

मुलीचे वडील द्राक्ष बागायतदार. पहिला फोटो पाहून ते म्हणाले, “पान हिरवं होतं ना? मग फोटो असा राखेसारखा का?” हिरवा रंग तर अल्कोहोलच्या पायऱ्यांतच धुऊन गेला होता. पण तो राहिला असता तरी दिसला नसता. रंग ही दृश्य प्रकाशाची गोष्ट, 400 ते 700 नॅनोमीटर लहरींची. इथे प्रकाश नाहीच, इलेक्ट्रॉन आहेत, आणि कॅमेरा फक्त किती पोचले ते मोजतो. कार्बनचा अणुक्रमांक 6, ऑक्सिजनचा 8. ऑस्मियम 76, शिसं 82, युरेनियम 92. जड अणूजवळून जाणारे इलेक्ट्रॉन जास्त वळतात, वळलेले एका बारीक छिद्राच्या कडेला अडतात आणि ती जागा काळी दिसते. छापील चित्रांतला हिरवा-निळा नंतर भरलेला असतो.

म्हणजे काळं दिसतं तिथे धातू आहे, एवढंच चित्र सांगतं. फिकं दिसतं तिथे काही नाही, असं ते सांगत नाही. तिच्या एपॉक्सीच्या फोटोंत हॉस्टोरियमभोवतीचं पटल रेखीव होतं, हरितलवकांतल्या चकत्या मोजता येत होत्या, आणि फुग्याच्या मानेपाशी एक फिकट जाड थर होता. कॅलोज धातू फारसं धरत नाही, म्हणून ते फिकटच दिसतं. पण न झिरपलेली जागाही फिकटच दिसते. एल. आर. व्हाइटच्या फोटोंत पटलं पुसट, कुठे कुठे उलटी पांढरी रेषा. पण त्याच फिकट थरावर सुवर्णकण दाटीने बसलेले होते. कॅलोज ओळखणारी पहिली अँटीबॉडी न दिलेल्या ग्रिडवर त्याच जागी जवळपास काहीच नव्हतं. ही तुलना नसती तर त्या कणांवर मी विश्वास ठेवला नसता.

तेव्हा तुमचा प्रश्न “पटल अखंड आहे का, लवक फुगलंय का” असा असेल तर एपॉक्सी, विचार नको. “हा पदार्थ कॅलोज आहे का” असा असेल तर एल. आर. व्हाइट, आणि जोडीला थोडं एपॉक्सी ठेवाच. तिच्या बारा पट्ट्यांपैकी आठ ऑस्मियमशिवाय गेल्या, चार ऑस्मियममध्ये. आता केलं तर मी सहा-सहा करीन, कारण चारपैकी एकीत हॉस्टोरियम सापडलंच नाही.

मायक्रोस्कोप मुंबई-पुण्याला असेल तर ब्लॉक तयार करूनच न्या. ते जमत नसेल तर फिक्स केलेल्या पट्ट्या बफरमध्ये, बर्फाच्या पिशवीशेजारी; पण बर्फाला चिकटवून नाही, गोठल्या तर स्फटिकांनी पेशी फाटतात. आणि बाटलीवरची चिठ्ठी पेन्सिलीने लिहा. पेनाची शाई अल्कोहोलच्या पहिल्याच थेंबाला जाते, आणि मग कोणत्या आठ आणि कोणत्या चार हे कुणालाच सांगता येत नाही.