हाफ इंजिनचे काम करावे की गाडीच बदलावी?

जुन्या गाडीच्या सायलेन्सरमधून निळसर धूर येऊ लागला की घरात दोन मते पडतात. एक मत म्हणते, ब्लॉक-पिस्टन बदलून घ्या, अजून पाच वर्षे निघतील. दुसरे म्हणते, जुन्यावर खर्च करण्यापेक्षा नवी घ्या. इंदूरमध्ये आमच्या रामबागेतल्या घरी हीच चर्चा बाबांच्या 2009 च्या स्प्लेंडरवरून झाली, आणि त्याच महिन्यात लोकमान्य नगरातल्या आमच्या स्नेह्यांच्या, जवळपास तितक्याच जुन्या, त्याच जातीच्या गाडीवरूनही झाली. दोन्ही गाड्या सारखाच धूर सोडत होत्या, तरी आम्ही इंजिनाचे काम केले आणि त्यांनी गाडी बदलली, आणि माझ्या मते दोन्ही निर्णय बरोबर होते. धूर वरच्या भागाची झीज दाखवतो, पण त्या भागावर पैसे घालावेत की नाही हे खालचा भाग ठरवतो, असे मला या दोन गाड्यांवरून पटले.

वरचा भाग म्हणजे हेड, व्हॉल्व्ह, ब्लॉक, पिस्टन आणि रिंगा. मेकॅनिक यालाच हाफ इंजिन म्हणतात. खाली क्रँक, कनेक्टिंग रॉड आणि त्यांची बेअरिंगे असतात, आणि तिथे हात घालायचा तर संपूर्ण इंजिन उतरवून उघडावे लागते.

धूर कधी येतो, ते आधी पाहावे. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताना एकदाच धुराचा लोट येत असेल आणि मग थांबत असेल, तर बहुधा व्हॉल्व्हची सील कडक झालेली असतात आणि काम हेडपुरतेच राहते. चढावर किंवा जोरात ॲक्सिलरेटर पिळल्यावर धूर येत असेल, तर संशय रिंगा आणि ब्लॉकच्या आतल्या भोकावर, म्हणजे बोअरवर जातो. खात्री करण्यासाठी कॉम्प्रेशन मोजावे. आधी टॅपेट सेट करावेत, कारण ते घट्ट असले तर आकडा खोटा येतो. मग गरम इंजिनाचा प्लग काढून त्या जागी गेज लावावा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून किक मारावी. आमच्या गाडीने 85 पाउंड दाखवले. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा किक मारली, तेव्हा काटा 125 वर गेला. ऑइलने रिंगांच्या कडेची फट तात्पुरती बुजवली म्हणूनच आकडा चढला. तो जागचा हलला नसता, तर दोष व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटमध्ये शोधावा लागला असता.

येथवर दोन्ही गाड्यांची लक्षणे सारखीच होती. फरक ब्लॉक उचलल्यावर दिसला, आणि म्हणून माझा आग्रह आहे की सुटे भाग आणायला सांगण्यापूर्वी मालकाने त्या क्षणी गॅरेजमध्ये स्वतः हजर असावे. पिस्टन काढल्यावर कनेक्टिंग रॉड मोकळा उभा राहतो. तो हातात धरून सरळ वर-खाली ओढून पाहावा. डावी-उजवीकडे तो थोडा सरकतो आणि ते योग्यच आहे, परंतु वर-खाली हाताला जाणवेल एवढीही ढील चालत नाही. आमचा रॉड वर-खाली अजिबात हलला नाही. स्नेह्यांच्या गाडीत मात्र तो ओढताच हाताला स्पष्ट टक् असे जाणवले. त्यांच्या क्रँकवरच्या ऑइल फिल्टरमध्ये साचलेल्या काळ्या गाळात चकचकीत धातूचे कणही होते, म्हणजे खालचे बेअरिंग झिजू लागले होते. चालत्या इंजिनात हा दोष भार पडल्यावर खालून येणाऱ्या जड ठकठकीने ओळखू येतो; टॅपेटचा आवाज वरून येतो आणि हलका असतो.

अशा रॉडवर नवा ब्लॉक-पिस्टन बसवणे हा सर्वांत वाईट पर्याय आहे, कारण रिंगा घट्ट बसल्या की कॉम्प्रेशन आणि स्फोटाचा दाब दोन्ही वाढतात, आणि तो सारा भार आधीच ढिल्या झालेल्या बेअरिंगवर येतो. काही महिन्यांतच इंजिन पुन्हा उघडावे लागते.

आता खर्च. आम्हाला ओव्हरसाइज पिस्टन, रिंगा, बोअरिंग, व्हॉल्व्हची सील, गॅस्केट आणि मजुरी मिळून 5,500 रुपये सांगितले गेले. स्नेह्यांना क्रँकसह फुल इंजिनचे 12,500 सांगितले, आणि चांगल्या स्थितीतही त्यांच्या गाडीला 18,000 पेक्षा जास्त मिळणार नव्हते. तशीच नवी गाडी रस्त्यावर येईपर्यंत 90,000 च्या आसपास पडते.

नवी गाडी घेण्यासाठी मायलेजचे कारण नेहमी पुढे केले जाते. ते मला हिशेबात टिकताना दिसले नाही. आमची गाडी महिन्याला सुमारे 750 किलोमीटर चालते. धूर सोडताना ती लिटरला 45 देत होती, काम झाल्यावर 60 देते, म्हणजे महिन्याला चार लिटरांहून थोडी जास्त बचत. नवीने 65 दिले असते, तरी त्यावर आणखी एकच लिटर वाचला असता. बचतीचा मोठा वाटा दुरुस्तीनेच मिळतो.

नव्या गाडीच्या बाजूचे खरे मुद्दे दुसरे आहेत. 2019 पासून नव्या दुचाकींवर 125 सीसीपर्यंत किमान कॉम्बी ब्रेक आणि त्याहून मोठ्या इंजिनांवर एबीएस अनिवार्य झाले आहे. जुन्या गाडीत यातले काही नाही आणि बसवताही येत नाही. शिवाय 15 वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होते. आमचे 2024 मध्ये होऊन गेले होते, त्यामुळे कागद 2029 पर्यंत चालणार होते. ज्यांचे व्हायचे आहे, त्यांनी त्याचा खर्च दुरुस्तीतच धरावा. स्नेह्यांना रोज पीथमपूरला जाऊन-येऊन 55 किलोमीटर पडतात, वाटेत जड वाहनांची रहदारी असते, आणि त्यांच्या चेसिसच्या वेल्डिंगपाशी गंजाने पापुद्रे धरले होते. त्या चेसिसवर मी इंजिनाला एक रुपयाही घालू दिला नसता.

दुरुस्ती करायची ठरली तर ती अर्धवट करू नये. दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजने आमच्या गाडीत बोअरिंग न करता नुसत्या रिंगा टाकल्या होत्या आणि तीन महिन्यांत धूर परत आला. कारण या वेळी ब्लॉक हातात घेतल्यावर कळले: आतून वरच्या कडेजवळ नख फिरवले की ते एका उंचवट्यावर अडकत होते. वरची रिंग जिथवर पोहोचते तिथवर भिंत झिजून खोल गेली होती आणि त्याच्या वरची तशीच राहिली होती. असा बोअर गोलही राहत नाही, आणि लांबट झालेल्या भोकात गोल रिंग सगळीकडून टेकत नाही. म्हणून लेथवाल्याला आधी पिस्टन द्यावा आणि त्याच्या मापानेच बोअर करून, होनिंगच्या तिरक्या रेघा उमटवून घ्याव्यात. स्टँडर्डनंतर पिस्टन 0.25, 0.50, 0.75 आणि 1.00 मिलिमीटर वाढीव मापांत मिळतात. आमचा 0.50 वर गेला, म्हणजे याच ब्लॉकमध्ये पुढे आणखी दोन मापे उरली. व्हॉल्व्ह घासून बसवल्यावर पोर्टचे तोंड वर येईल असे हेड धरून त्यात थोडे पेट्रोल ओतावे. काही मिनिटांत व्हॉल्व्हच्या कडेने ओल दिसली, तर ते पुन्हा घासायला सांगावे. आमच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हला पहिल्या खेपेस ओल दिसली आणि तो दुसऱ्यांदा घासावा लागला. नंतरचे पहिले 500 किलोमीटर बाबांनी गाडी मागे कोणाला न बसवता आणि एकाच वेगात फार वेळ न ठेवता चालवली, मग ऑइल बदलले. काढलेले ऑइल पांढऱ्या कपड्यावर पसरून पाहिले, तेव्हा त्यात नव्या रिंगा बसतानाची बारीक करडी भुकटी होती, चकचकीत कण नव्हते.