जीआरएन आणि बिल शेजारी ठेवून तपासायचं, पण कागदावर, एक्सेलमध्ये की टॅलीत?

अंबड-सातपूरला छोटं युनिट असेल, अकाउंट्सला एकच माणूस, स्टोअरला एक दादा, आणि आता वाटायला लागलंय की व्हेंडरला पैसे आपण जास्त सोडतोय, तर पहिला प्रश्न हाच येतो की बिल आणि जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची स्टोअरने केलेली नोंद, यांची तपासणी कशावर करायची. तीन रस्ते आहेत, कागदाची फाईल, एक्सेल, नाहीतर टॅलीमधली रिसीट नोट. तिघांवर एकच केस चालवून दाखवतो म्हणजे फरक कळेल.

आकडे उदाहरणाचे आहेत पण प्रकार रोजचा आहे. कोरुगेटेड बॉक्सची ऑर्डर, ३००० नग, दर १८.५० रुपये. बॉक्स म्हणजे वजनाला हलके आणि जागा खाणारे, एका छोट्या टेम्पोत मावत नाहीत म्हणून माल तीन फेऱ्यांत येतो. अशा वेळी जीएसटीची पद्धत अशी की पूर्ण ३००० चं बिल पहिल्या फेरीआधीच बनतं आणि पुढच्या फेऱ्या त्या बिलाचा नंबर टाकलेल्या डिलिव्हरी चलनावर येतात. म्हणजे बिल तुमच्या टेबलावर पहिल्या दिवशीच हजर आणि माल अजून दोन फेऱ्या बाकी, शॉर्टेज लपायला एवढी जागा पुरते.

पहिल्या टेम्पोत १२०० आले, मोजले, बरोबर. दुसऱ्याच्या चलनावर १००० म्हणजे २० चे ५० बंडल, उतरवताना ४८ च भरले, म्हणजे ९६०. तिसऱ्यात ८०० आले पण त्यातले ६० भिजलेले, क्वालिटीवाल्याने बाजूला काढले. एकूण बिल ३०००, मिळाले २९६०, घेतले २९००.

इथे एक गोष्ट आधीच पक्की करा, शॉर्ट आणि रिजेक्ट एका रकान्यात टाकू नका. ४० नग आलेच नाहीत, त्यांचे ७४० रुपये. ६० नग आलेत पण घेतले नाहीत, त्यांचे १११० रुपये. वरचा जीएसटी वेगळा. दोन्ही मिळून "१०० कमी" असं व्हेंडरला कळवलं की तो सरळ म्हणतो, "ठीक आहे, १०० बॉक्स परत पाठवा, मग क्रेडिट नोट देतो." ४० तर तुमच्याकडे आलेच नाहीत, परत काय पाठवणार? म्हणून जीआरएनवर चार रकाने हवेतच, चलनाप्रमाणे, मिळाले, घेतले, रिजेक्ट. चलन आणि मिळालेले यातला फरक म्हणजे शॉर्ट. अजूनही "क्वांटिटी" असा एकच रकाना असलेली जीआरएनची छापील बुकं वापरात दिसतात, ती तुमच्याकडे असतील तर बुक आधी बदला, सॉफ्टवेअरचं मग बघू.

आता कागद. बिल डाव्या हाताला, जीआरएन उजव्या हाताला, आयटम कोड, युनिट, क्वांटिटी, या क्रमाने बोट ठेवून वाचायचं. एक बिल एक टेम्पो एक जीआरएन असा व्यवहार असेल तर याच्यासारखं स्वस्त आणि पक्कं काही नाही, हे मी मनापासून सांगतोय, उगाच कोणी सॉफ्टवेअर विकतंय म्हणून घेऊ नका. युनिटची गडबड तर कागदावरच सगळ्यात लवकर दिसते, बिल किलोत आणि जीआरएन नगात असेल तर माणूस थांबतो, एक्सेल ते दोन आकडे खुशाल वजा करून टाकतं. पण आपल्या बॉक्सच्या केसमध्ये कागद कमी पडतो. बिलाला पहिली जीआरएन टाचलेली, १२०० ला १२०० बरोबर. तिसरी नंतर येऊन लागली, तिच्यावर मिळाले ८००, तेही चलनाप्रमाणे बरोबर. मधली स्टोअरच्या क्लिपबोर्डवरच राहिलेली, आणि पास करणाऱ्याला दोन टिकमार्क दिसतात, बेरीज कोणी करत नाही. कागदावरच राहायचं असेल तर बिलाच्या मागे फेऱ्यांचा छोटा तक्ता आखा, प्रत्येक जीआरएनचा नंबर आणि नग त्यात लिहा, आणि बेरीज बिलाएवढी झाल्याशिवाय किंवा फरकाचं कारण लिहिल्याशिवाय सही नाही. जीआरएनवरही बिल नंबर लिहून "पास" चा शिक्का मारा, नाहीतर तीच जीआरएन दुसऱ्या बिलाला लागते, डुप्लिकेट बिल असंच निघून जातं.

एक्सेल ही बेरीज स्वतः करतं, त्याचा खरा उपयोग एवढाच. दोन शीट पुरे. Bill शीटमध्ये A ला बिल नंबर, B ला आयटम कोड, C ला बिलाची क्वांटिटी. GRN शीटमध्ये A ला जीआरएन नंबर, B ला बिल नंबर, C ला आयटम कोड, D ला चलनाप्रमाणे, E ला मिळाले, F ला घेतले. मग Bill शीटमध्ये शॉर्टेजसाठी

```
=C2-SUMIFS(GRN!E:E,GRN!B:B,A2,GRN!C:C,B2)
```

आणि रिजेक्शनसाठी

```
=SUMIFS(GRN!E:E,GRN!B:B,A2,GRN!C:C,B2)-SUMIFS(GRN!F:F,GRN!B:B,A2,GRN!C:C,B2)
```

आपल्या केसला पहिल्यात ४० आणि दुसऱ्यात ६० येतं, वेगवेगळं, जसं पाहिजे तसं. आता हे फसतं कुठे, तर बिल नंबर एका शीटमध्ये AB/456 आणि दुसरीत AB-456 टाईप झाला की SUMIFS ला काही सापडत नाही आणि आख्खं बिल शॉर्ट दिसतं, ते बरं कारण ते डोळ्यात भरतं. वाईट प्रकार उलटा आहे. दुसरी जीआरएन चुकून दोनदा एंटर झाली तर मिळालेले होतात ३९२० आणि फरक येतो वजा ९२०, आणि लोक फिल्टर लावतात "शून्यापेक्षा जास्त" असा, मग हे बिल यादीतच येत नाही आणि ४० नग गुपचूप निघून जातात. म्हणून फिल्टर "शून्य नाही" असाच लावायचा, जास्त दिसणाऱ्याचीही चौकशी करायची. एकाच बिलात तोच आयटम दोन ओळींत असेल तर आधी त्या ओळी एकत्र करा, नाहीतर प्रत्येक ओळीतून पूर्ण जीआरएन वजा होते.

टॅलीप्राईममध्ये स्टोअरवाला माल आला की Receipt Note टाकतो, Alt+F9, आणि तिला ट्रॅकिंग नंबर देतो, मग परचेस बुक करताना अकाउंट्सवाला तेच ट्रॅकिंग नंबर उचलतो. फरक राहिला तर Purchase Bills Pending या रिपोर्टमध्ये दिसतो, माल आला पण बिल नाही हे एकीकडे, बिल आलं पण माल नाही हे दुसरीकडे, आपले ४० नग या दुसऱ्या भागात यायला पाहिजेत. एक्सेलपेक्षा फायदा असा की डबल टायपिंग नाही, स्टॉक आणि बिल एकाच जागी. पण दोन गोष्टी माहीत करून मगच निर्णय घ्या. एक, ट्रॅकिंग नंबर उचलला की क्वांटिटी रिसीट नोटवरून आपोआप भरते, तिथे बिलावर ३००० आणि स्क्रीनवर २९६० असं दिसलं की घाईत बरेच जण एकतर २९६० ठेवून बिलाची रक्कम जुळवायला दर वाढवतात किंवा ३००० करून पुढे जातात आणि डेबिट नोट राहून जाते. बिल आहे तसं पूर्ण बुक करून त्याच बैठकीत ४० ची डेबिट नोट टाकणं हेच बरोबर. दोन, टॅली पेमेंट स्वतःहून अडवत नाही, रिपोर्ट कोणी उघडलाच नाही तर पैसे जातात. मोठ्या कंपन्यांत सॅपवर क्वांटिटीचा फरक ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की बिल ब्लॉक होतं आणि MRBR मधून कोणीतरी सोडावं लागतं, तसं इथे नाही, तो ब्लॉक म्हणजे तुमचा पेमेंट करणारा माणूसच.

आणि तिन्ही रस्त्यांना एकच गोष्ट बुडवते, ती म्हणजे न मोजता चलनावरून उतरवलेली जीआरएन. संध्याकाळी शिफ्ट सुटायच्या वेळी टेम्पो येतो, ड्रायव्हर म्हणतो "दादा लवकर करा, सिन्नरला अजून एक ड्रॉप आहे," आणि दादा चलन बघून १००० लिहितो. मग कागद, एक्सेल, टॅली सगळीकडे १००० ला १००० जुळणार. याची खूण सोपी आहे, दोन-तीन महिन्यांच्या जीआरएन काढा, चलन आणि मिळालेला आकडा एकदाही वेगळा नसेल तर मोजणी होत नाहीये. उपाय असा की स्टोअरच्या माणसाने नग आधी कच्च्या कागदावर मोजून लिहायचे आणि चलन त्यानंतर बघायचं. बंडल मोजलेच, शिवाय दोन-चार बंडल सोडून आतले नगही मोजा. कमी निघाले तर ड्रायव्हरची सही चलनावरच घ्या, "४८ बंडल मिळाले" असं लिहून.

वेळेचा मुद्दाही निवडीत धरा. व्हेंडर सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणीवाला असेल तर एमएसएमईडी कायदा २००६ प्रमाणे मालाबद्दलची हरकत डिलिव्हरीपासून १५ दिवसांत लेखी द्यावी लागते, नाहीतर माल स्वीकारला असं धरलं जातं, आणि पेमेंटची मुदत करारात काहीही लिहिलं तरी ४५ दिवसांपलीकडे जात नाही. म्हणजे महिनाअखेरीला फाईल घेऊन बसायची सवय असेल तर १५ दिवस तिथेच संपतात. शॉर्टेज बिलाशी जुळवताना नाही, जीआरएन बनते त्या दिवशीच कळतं, तर मेलही त्याच दिवशी जाऊ दे, चलन नंबर, बिल नंबर, चलनाप्रमाणे १०००, मिळाले ९६०, कमी ४०, एवढ्याच ओळी. रिजेक्शनचा मेल वेगळा.

जीएसटीचं थोडक्यात. जीएसटी पोर्टलवरच्या २बी स्टेटमेंटमध्ये पूर्ण ३००० वरचा टॅक्स दिसेल पण त्याचं क्रेडिट प्रत्यक्ष हाती आलेल्या मालाचंच घ्यायचं, आणि माल फेऱ्यांत येत असेल तर शेवटची फेरी आल्यावर. व्हेंडरची क्रेडिट नोट लवकर मागा, ज्या आर्थिक वर्षातलं बिल आहे ते संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच तो तिच्यावर आपला टॅक्स कमी करू शकतो, त्यानंतर तो टॅक्सच्या भागासाठी हात वर करतो.

तर कोणी काय घ्यावं. माल एका फेरीत येतो, व्हेंडर मोजके, बिलं रोज हातावर मावतील एवढी, तर कागदच ठेवा, फक्त चार रकान्यांची जीआरएन आणि शिक्का. पॅकिंग, फॅब्रिकेशन, कास्टिंग असा फेऱ्या-फेऱ्यांनी येणारा माल असेल आणि टॅली फक्त अकाउंट्सपुरती वापरताय, स्टॉक त्यात नाही, तर एक्सेल. स्टोअरला स्वतंत्र कॉम्प्युटर आणि स्वतः एंट्री करणारा माणूस असेल तरच टॅलीची रिसीट नोट. अकाउंट्सवालाच बिल समोर ठेवून दोन्ही एंट्र्या टाकणार असेल तर ती रिसीट नोट म्हणजे बिलाचीच कॉपी, त्यापेक्षा स्टोअरच्या हातची कागदी जीआरएन आणि एक्सेल कधीही चांगलं.

शीट किंवा पाईपसारखा वजनावरचा माल असेल तर तिघांतलं काहीही घ्या, तुमच्या आणि व्हेंडरच्या वजनकाट्यात थोडा फरक राहणारच. किती फरक चालेल आणि कोणाचा काटा धरायचा हे पीओवर आधी लिहून घ्या, आणि वजनपावती जीआरएनला टाचलेली नसेल तर ते बिल बाजूला ठेवा.