एकाच फाइलने शेकडो जणांचा पगार: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सुमारे चारशे कर्मचाऱ्यांचा पगार बँकेच्या पोर्टलवर एकच बल्क फाइल चढवून देण्याची पद्धत आमच्या लेखा विभागात आता रुळली आहे. प्रत्येक कर्मचाऱ्याची एक ओळ असते आणि तीत नाव, खाते क्रमांक, शाखेचा संकेतांक, रक्कम व संदर्भ क्रमांक असतो. शेवटी एकूण ओळी आणि एकूण रक्कम येते. एक जण फाइल अपलोड करतो, दुसरा मंजुरी देतो. कंपनीच्या खात्यातून एकच एकत्रित रक्कम वजा होते, त्यामुळे खातेउतारा पाहणाऱ्याला कोणाचा पगार किती हे कळत नाही. ही सोय मला विशेष आवडली.

‘फाइल स्वीकारली’ या संदेशावर मात्र विसंबू नये. त्याचा अर्थ मांडणी बरोबर आहे आणि बेरीज जुळते, एवढाच. खाते चालू आहे की नाही, हे नंतर कळते.

खरा त्रास स्प्रेडशीटमुळे होतो. तिने खाते क्रमांक संख्या म्हणून वाचला, तर सुरुवातीची शून्ये गळतात. शिवाय ती साधारणपणे पंधराच अर्थपूर्ण अंक जपत असल्याने सोळा अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो. ओळी आणि रक्कम तरीही जुळतात, म्हणून मंजुरी देणाऱ्याला काहीच खटकत नाही. रकाना ‘टेक्स्ट’ केला, तरी सीएसव्ही फाइल पुन्हा उघडून जतन केली की तोच प्रकार घडू शकतो. त्यामुळे आम्ही पगाराच्या सॉफ्टवेअरमधून निघालेली फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्येच पाहतो आणि सर्व खाते क्रमांकांच्या शेवटच्या सहा अंकांची बेरीज मूळ नोंदींशी ताडतो. गळलेल्या शून्यांमुळे ही बेरीज बदलत नाही, म्हणून प्रत्येक क्रमांकाची लांबी वेगळी तपासावी लागते.

समजा, चारशेपैकी तीन रकमा परत आल्या: दोन खाती बंद, एका क्रमांकात शून्य कमी. परत आलेल्या रकमा खात्यात सुट्या जमा होतात, कधी पुढच्या कामकाजाच्या दिवशी, आणि त्या कोणाच्या हे संदर्भ क्रमांकावरूनच ओळखता येते. अशा वेळी दुरुस्त केलेल्या फक्त तीन ओळींची नवी फाइल पाठवावी. जुनीच फाइल नाव बदलून पुन्हा चढवली, तर नाव किंवा फाइलचा संदर्भ पाहूनच पुनरावृत्ती अडवणारे पोर्टल ती नवी समजते आणि उरलेल्या ३९७ जणांना दुबार पगार जातो.

एका ओळीतील चुकीमुळे पूर्ण फाइल नाकारावी की तेवढीच ओळ वगळावी, हा पर्याय आमच्या पोर्टलवर आहे. मी पूर्ण नकार पसंत करतो, कारण वजा झालेली रक्कम पगारपत्रकाशी जुळून राहते. पण त्यासाठी फाइल पुढची तारीख घालून आदल्या दिवशीच चढवावी लागते.

चुकीचा क्रमांक योगायोगाने दुसऱ्या कोणाचा निघाला, तर रक्कम परत येतच नाही. नाव न ताडता केवळ क्रमांकावर जमा करणाऱ्या व्यवस्थेत ती परक्या खात्यात पडते, आणि परत मिळवण्यासाठी बहुधा त्या खातेदाराची संमती लागते. म्हणून नव्या कर्मचाऱ्याच्या खात्यात पहिल्या पगाराआधी नाममात्र रक्कम पाठवून ती पोहोचल्याची खातरजमा त्याच्याकडूनच करून घेतो.