गोलाईच्या फ्रेममध्ये मायनस साडेतीनचा नंबर: आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या जूनमध्ये डबल्स खेळताना नेटवरच्या एका शटलवर मी आणि माझी जोडीदार दोघीही धावलो. तिच्या रॅकेटची कड माझ्या चष्म्यावर बसली, डाव्या काचेचे दोन तुकडे झाले आणि भुवईखाली तीन टाके पडले. डोळा वाचला. टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "काच कशाची होती?" मला सांगता आलं नाही. ती रोजच्या वापराची साधी प्लॅस्टिकची काच होती, आणि खेळासाठी वेगळी काच लागते हे मला चाळिसाव्या वर्षी कळलं.

त्यानंतर वाचून काढलं ते इतकंच की बॅडमिंटनमध्ये डोळ्याला धोका दोन बाजूंनी असतो. रॅकेट आहेच, पण शटलही साधं नाही. वजन जेमतेम ५ ग्रॅम, पण बुचाचा व्यास २५ ते २८ मिलीमीटर, म्हणजे डोळ्याच्या खोबणीत सहज शिरेल एवढा. सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीच्या स्मॅशची २०२३ मध्ये नोंदलेली विक्रमी गती ताशी ५६५ किलोमीटर आहे. आपल्या ठाण्याच्या हॉलमध्ये त्याच्या जवळपासही कोणी मारत नाही, पण नेटवर उभ्या माणसाला तेवढ्या वेगाची गरजही नसते. कॉन्टॅक्ट लेन्सने दिसतं छान, मार मात्र अडत नाही.

म्हणून मार सोसणाऱ्या पॉलिकार्बोनेटच्या काचा आणि चेहऱ्याला वेढणारी, कानशिलापर्यंत वळलेली फ्रेम, असं ठरवलं. रविवारी उपवनहून येऊरची चढण सायकलने चढते, तेव्हा एकच चष्मा दोन्हीकडे चालावा हा हिशेब. फ्रेम घेतली २,८०० रुपयांना. नंबर दोन्ही डोळ्यांना मायनस साडेतीन, सिलिंडर म्हणजे एकाच दिशेत लागणारा जादा नंबर नाही. चष्म्याच्या दुकानात कागद दिला, आठवड्यात काचा बसवून मिळाल्या.

पहिल्याच दिवशी हॉलमध्ये काहीतरी बिनसलं. वरचे दिवे आडवे ताणलेले दिसत, कोर्टाच्या रेषा कडेला किंचित वाकत, आणि दुसऱ्या गेमपर्यंत कपाळ दुखू लागे. उंच आलेल्या शटलवर रॅकेट थोडी आधीच फिरायची आणि फटका फ्रेमवर लागायचा. दुकानदाराने काचा मशीनवर तपासून दाखवल्या: नंबर अगदी बरोबर. "सवय होईल," म्हणाले. तीन आठवडे वाट पाहिली. सवय झाली नाही, आणि होणारही नव्हती.

कारण पुढे दुसऱ्या एका ऑप्टिशियनने समजावलं. नंबर तपासताना काच डोळ्यासमोर सरळ असते. गोलाईच्या फ्रेममध्ये ती बाहेरच्या बाजूला मागे वळते. माझ्या फ्रेमचा हा कोन २० अंश निघाला, साध्या चष्म्यात तो ५ अंशांच्या आसपास असतो. काच अशी तिरकी झाली की डोळ्याला मिळणारा नंबर बदलतो: मायनस ३.५० ची काच माझ्यापुरती मायनस ३.६३ झाली, आणि वर जवळजवळ अर्ध्या नंबराचं सिलिंडर चिकटलं, जे माझ्या डोळ्यात नाहीच. मशीनवर काच सपाट ठेवतात, म्हणून तिथे चूक दिसत नाही. हे घरीही पाहता येतं. आपला रोजचा मायनसचा चष्मा हातात धरून एका काचेतून रात्री रस्त्यावरचा दिवा बघा आणि काच दाराच्या फळीसारखी थोडी फिरवा. दिवा आडवा पसरतो.

उपाय असा की काचा बनवणाऱ्या लॅबला फ्रेमचा कोन, काचेचा पुढेमागे असलेला कल आणि डोळ्यापासून काचेचं अंतर कळवायचं. मग त्या हिशेबाने बदललेला नंबर घासतात. या ऑप्टिशियनने मला फ्रेम घालायला लावून तिन्ही मापं घेतली. काचा आल्या तेव्हा पाकिटावर दोन नंबर होते: मागितलेला मायनस ३.५०, आणि घासलेला मायनस ३.०० सोबत १८० अंशांवर मायनस ०.३७ सिलिंडर. पहिल्यांदा वाचून पोटात गोळा आला. पण फ्रेम चेहऱ्यावर बसली की याच काचा मला साडेतीनच्या होतात. ते पाकीट जपून ठेवलंय, कारण ते नसेल तर पुढे कुठल्याही दुकानात या काचा मशीनवर 'चुकीच्या' निघतील. काचांचे ६,५०० रुपये पडले, आधीच्या वाया गेलेल्या जोडीपेक्षा बरेच जास्त. तुम्ही अशी फ्रेम करत असाल तर दुकानात एकच विचारा: कोनाचा हिशेब लॅबला पाठवणार का? उत्तर 'त्याची गरज नसते' असं आलं तर दुसरं दुकान गाठा.

ऑगस्टपासून आता मार्चपर्यंत याच काचा वापरतेय. दिवे गोल दिसतात, डोकं दुखत नाही, उंच शटलचा अंदाज परत आला. फक्त अगदी कोपऱ्यात, मान न वळवता नुसत्या डोळ्याने पाहिलं तर अजूनही धूसर आहे, आणि पांढऱ्या शटलभोवती निळसर कड दिसते. ती कड पॉलिकार्बोनेटचा स्वभावच आहे, हा पदार्थ रंग जास्त फोडतो. ट्रायव्हेक्सच्या काचांत ते कमी होतं आणि त्याही मार सोसतात, पण एवढ्या गोलाईत मला त्या मिळाल्या नाहीत. काचेची मधली जाडी २ मिलीमीटरच्या खाली नको, असं मी मागून घेतलं. पातळ केली तर दिसायला बरी, पण मार खाताना वाकून फ्रेमच्या खाचेतून निसटते. त्याचा दाम कडेला मोजावा लागला: कानशिलाकडे काच इतकी जाड आहे की डावी काडी पूर्ण मिटत नाही. नंबर चारच्या वर असेल तर एवढ्या गोलाईचा हट्ट धरू नका, कमी वळणाची फ्रेम घ्या.

येऊरच्या चढणीवर काचांवर वाफ धरते, कारण वेग नसतो. उतरताना वाऱ्याने क्षणात जाते, आणि घोडबंदर रोडच्या धुळीत डोळ्यांत काही जात नाही. हॉलमध्ये मात्र शटल उडू नये म्हणून खिडक्या बंद असतात, तिथे पावसाळ्यात प्रत्येक गेमनंतर चष्मा काढावा लागे. वाफ न धरण्याचा थर टी-शर्टने पुसून पुसून चार महिन्यांत गेला, ही माझी चूक. आता नळाखाली धरते, सौम्य साबणाचा एक थेंब लावते आणि झटकून वाळवते. गोलाईच्या फ्रेममागे नंबरची काच क्लिप करायची वेगळी जोडणी सायकलच्या दुकानात पाहिली होती. ती बरीच सपाट असते म्हणून कोनाचा त्रास कमी, पण दोन थरांमध्ये वाफ अडकते आणि पापण्या घासतात. फक्त सायकल असती तर घेतली असती.

डिसेंबरमध्ये समोरून आलेला स्मॅश थेट उजव्या काचेवर आदळला. नाकावर पॅडचा लाल ठसा उठला, बाकी काही नाही. घरी ट्यूबलाइटखाली काच तिरकी धरून कड पाहिली, खाचेजवळ केसाएवढी चीर असेल तर काच बदलावीच लागते. चीर नव्हती. जानेवारीतही एकदा पाहिली, आणि आता महिन्यातून एकदा पाहते.