आधी माणसं वाचावीत की आधी उतारे?

केंब्रिजच्या बी-१ प्रिलिमिनरी या इंग्रजीच्या परीक्षेत वाचनाच्या दुसऱ्या भागात ५ माणसं आणि ८ उतारे असतात; प्रत्येक माणसाला त्याच्या गरजेचा एक उतारा जुळवायचा. म्हणजे ३ उतारे उरतातच. साताऱ्यातली बरीच मुलं आधी आठही उतारे वाचून काढतात. विषय कळतो, पण सगळे उतारे सारखेच वाटू लागतात आणि ओळखीचा शब्द दिसला की जोडी लावली जाते.

आधी माणसं वाचली तर प्रत्येकाच्या अटी अधोरेखित करता येतात. आम्ही वर्गात दिलेला नमुना बघा: एका बाईंना आजीला घेऊन रविवारी जायचंय, पायऱ्या नकोत, तिथंच जेवायचंय. सज्जनगडाच्या उताऱ्यात ‘रविवार’ आणि ‘जेवण’ दोन्ही शब्द आहेत, पण गाडीतळापासून वर पायऱ्या. तळ्याकाठच्या बागेच्या उताऱ्यात रविवारचा उल्लेखच नाही. ‘सोमवारी बंद, वाट सपाट, शेजारी खानावळ’ एवढंच. उत्तर बागच. फसवा उतारा बहुधा एकाच अटीवर पडतो, म्हणून नकाराची अट आधी तपासावी.

उतारे आधी वाचायची पद्धत वेगवान वाचणाऱ्याला चालते, बाकीच्यांचा वेळ खाते. मात्र दुसऱ्या पद्धतीतही एक उतारा दोघांना लागला, तर दोन्ही जोड्या पुन्हा तपासा: एक नक्की चुकलीय.