सिंकखालच्या कचरा ट्रॉलीत झालेली फसवणूक : पैसे एका वस्तूचे, बसवली दुसरीच

पुण्यात आमच्या छोट्या फ्लॅटमध्ये किचनचं काम काढलं तेव्हा माझी एक अट ठाम होती. सिंकखाली ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवता येईल अशी बाहेर सरकणारी ट्रॉली हवी. आमच्याकडे कचरा घ्यायला येणाऱ्या ताई दोन्ही वेगवेगळे मागतात, आणि ओट्याखाली दोन सुटे डबे ठेवायला जागा नाही. सिंकखालचा बॉक्स बाहेरून ४५० मिमी, म्हणजे अरुंदच.

शोरूममध्ये जी ट्रॉली दाखवली ती दारावर बसणारी होती. या प्रकारात शटरला बिजागऱ्या नसतात. शटर थेट ट्रॉलीच्या फ्रेमला ब्रॅकेटनी जोडलेलं असतं. हँडल ओढलं की शटर आणि दोन्ही बादल्या एकदम बाहेर येतात. अरुंद बॉक्सला हाच प्रकार सोयीचा. बिजागरीचं शटर ठेवून आत वेगळी ट्रॉली बसवली, तर उघडलेलं शटर आणि बिजागऱ्या मिळून आतली रुंदी आणखी खातात. कोटेशनमध्ये मालाचा कोड, 'फुल एक्स्टेंशन', 'सॉफ्ट क्लोज' आणि 'शटर ब्रॅकेटसह' असं स्पष्ट लिहिलं होतं. किंमत १४,५०० रुपये. ते कोटेशन व्हॉट्सॲपवर आलं होतं, आणि पुढे तेच उपयोगी पडलं.

काम झालं तेव्हा वरवर सगळं ठीक दिसत होतं. काही आठवड्यांत शटर वरच्या बाजूने पुढे कलायला लागलं. शेजारच्या शटरशी असलेली फट खाली बारीक आणि वर रुंद दिसू लागली. मागची बादली काढताना रोज सिंकच्या तळाला आपटायची. विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं : "मॅडम, ओला कचरा जड असतो, सावकाश ओढा."

हे उत्तर पटण्यासारखं नव्हतं. दिवसभराचा ओला कचरा असून असून किती असणार? ओळखीच्या सुतारदादांना बोलावलं. त्यांनी बादल्या काढून फ्रेम सोडवली आणि सगळा उलगडा झाला.

कोटेशनमधली ट्रॉली बसवलेलीच नव्हती. बाजारात मिळणारी साधी तारेची फ्रेम होती. ट्रॉली ज्यांवर सरकते ते चॅनेल तीन पट्ट्यांचे नव्हते, दोन पट्ट्यांचे होते. तीन पट्ट्यांचा चॅनेल जवळजवळ पूर्ण लांबीइतका बाहेर येतो, दोन पट्ट्यांचा सुमारे पाऊण. ४५० मिमी लांबीच्या चॅनेलमध्ये म्हणजे शंभरेक मिमी आतच राहतात, आणि तेवढ्यानेच मागची बादली सिंकच्या भांड्याखाली अडकते. बादली काढायची तर ती सरळ वर उचलावी लागते, आणि वर आठ इंच खोल सिंक आणि त्याचं कपलिंग. शोरूममधल्या ट्रॉलीवर सिंक नव्हतंच, त्यामुळे हा फरक तिथे कुणाला दिसणंच शक्य नव्हतं.

शटरचं तर त्याहून वाईट. मूळ ट्रॉलीच्या फ्रेमला पुढे दोन उभे खांब असतात आणि ब्रॅकेट खाली आणि वर अशा दोन उंचींवर शटरला धरतात. त्यातल्या स्क्रूंनी शटर वर-खाली, डावी-उजवीकडे आणि थोडं पुढे-मागे करता येतं. आमच्याकडे खाली दोन साधे लोखंडी अँगल मारून शटर अडकवलं होतं. शटर सातशे मिमी उंच, हँडल वरच्या कडेला. रोज वरून ओढायचं आणि धरून ठेवणारे स्क्रू तळाशी, मग तरफेसारखा सगळा जोर त्या चार स्क्रूंवर येतो. प्लायमधली भोकं मोठी होतात आणि शटर पुढे झुकतं. याचा कचऱ्याच्या वजनाशी काहीही संबंध नाही.

शटरच्या आतल्या बाजूला दोन गोल स्टिकर होते. ते काढले तर खाली बिजागरीच्या कपाची ३५ मिमीची भोकं. म्हणजे शटर आधी बिजागरीसाठी तयार केलं होतं आणि नंतर तेच वापरून टाकलं.

हे सगळं का केलं, ते सुतारदादांनी टेप लावून दाखवलं. बॉक्स ४५० मिमीचा, दोन्ही बाजूंचा प्लाय १८ मिमी, म्हणजे आत ४१४ उरायला हवेत. पण आतून दोन्ही बाजूंना मायका लावलेला, त्यात सुमारे दोन मिमी गेले. उरले ४१२. कोटेशनमधल्या ट्रॉलीला आतली रुंदी ४१४ ते ४१८ लागते. मूळ ट्रॉली दोन मिमीने बसली नसती. फिटरला हे बसवतानाच कळलं असणार. तेव्हा आम्हाला सांगण्याऐवजी त्यांनी खोका परत नेला, स्वस्तातली फ्रेम ठोकली आणि पैसे मूळ मालाचे घेतले. आम्ही खोका मागितला होता, तर "वॉरंटीसाठी आमच्याकडेच ठेवतो" असं सांगितलं. अंतिम बिलावर कोड नव्हता, फक्त 'किचन ॲक्सेसरीज, १ नग'. तशी फ्रेम चॅनेलसकट तीन हजारांच्या आसपास मिळते, असं दुसऱ्या दुकानात विचारल्यावर कळलं.

मला सर्वांत जास्त राग याचा आला की अडचण सोडवणं सोपं होतं. सुतारदादांनी चॅनेल बसतात तेवढ्याच पट्टीपुरता मायका दोन्ही बाजूंनी काढला आणि हवे ते दोन मिमी मिळाले. सिंकखाली ओल असतेच, म्हणून उघड्या पडलेल्या प्लायवर सीलर मारला. एवढं काम विक्रेत्याच्या माणसाला तिथल्या तिथे जमलं असतं.

आम्ही विक्रेत्याला कोटेशन, बिल आणि सोडवलेल्या फ्रेमचे फोटो लेखी पाठवले. उत्तर आलं नाही, तेव्हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. त्यानंतर मात्र फोन लगेच आला. मूळ ट्रॉली खोक्यासकट मिळाली. शटर खराब झालं त्याचे पैसे द्यायला ते अजून तयार नाहीत, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याची तयारी चालू आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे तक्रार शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे.

ज्यांचं काम चालू आहे त्यांनी हे पैसे देण्याआधी पाहून घ्या. ट्रॉली पूर्ण ओढा आणि मागची बादली सरळ वर उचला. ती सिंकला न लागता निघाली पाहिजे. चॅनेलच्या पट्ट्या बाजूने मोजा. बंद करताना शेवटचे तीन-चार सेंटिमीटर उरले की हात सोडा. सॉफ्ट क्लोज असेल तर ट्रॉली स्वतःहून हळू आत जाते. शटरच्या आतून बघा, ब्रॅकेट खाली आणि वर दोन्हीकडे आहेत का. बॉक्सचं माप बाहेरून सांगितलं तर मान्य करू नका. मायका लावून झाल्यावरची आतली रुंदी पुढे, मागे आणि मध्ये घ्यायला लावा आणि मालाच्या माहितीपत्रकातल्या आकड्याशी ताडून बघा. खोका तुमच्यासमोर फोडायला सांगा आणि त्यावरचा कोड बिलावर लिहून घ्या. कोड लिहायला कुणी टाळाटाळ केली तर उरलेले पैसे तिथेच थांबवा.